दिरहामचा कांदा आणि रुपयाचा हिशेब

2025 च्या मे महिन्यात दुबईहून माझ्या मावसभावाने वाणसामानाचे बिल मावशीला पाठवले. दिरहाम तेव्हा सुमारे 23 रुपयांना होता. मावशीने दुधाच्या 6 दिरहामांना 23 ने गुणले आणि कपाळावर हात मारला. "अरे, 138 रुपये लिटर! आपल्याकडे 46 ला मिळतं. पोरगा काय खात असेल?"

मी कॉमर्सचा विद्यार्थी, म्हणून वही घेऊन बसलो. मावशीच्या मनातली महिन्याची यादी अशी होती : ज्वारीचे पीठ 6 किलो, दूध 15 लिटर, तूरडाळ 2 किलो, कांदे 4 किलो. तिथल्या भावाने तिचे 160 दिरहाम, म्हणजे 3680 रुपये झाले. बेळगावात तेच सामान 1370 रुपयांत आले. दुबई पावणेतीन पट महाग!

पण दादा तिथे भाकरी खातच नाही. तिथे ज्वारीचे पीठ दुर्मिळ आणि महाग, म्हणून तो कोंबडी जास्त आणि दूध कमी घेतो. त्याची खरी यादी : कोंबडी 4 किलो, दूध 8 लिटर, कांदे 3 किलो, डाळ 1 किलो. तिचे 113 दिरहाम, म्हणजे 2599 रुपये. बेळगावात याच यादीला 1548 रुपये पडले. आता दुबई पावणेदोन पटीलाही पोचली नाही! शहरे तीच, दर तोच. फक्त यादी बदलली. संख्याशास्त्राच्या तासाला लास्पेअर आणि पाशे यांचे निर्देशांक आपण घोकतो, त्यांतला फरक मला त्या दिवशी कळला. इथली यादी तिथे नेली की परदेश बहुधा जास्त महाग दिसतो, कारण माणूस जिथे राहतो तिथले स्वस्त तेच खातो.

दुसरी गोम दराची आहे. दिरहाम 1997 पासून डॉलरला बांधलेला आहे. 2015 साली तो सुमारे साडेसतरा रुपयांना होता. म्हणजे दुबईत दूध एका पैशाने न वाढताही मावशीच्या वहीत ते महाग झाले असते. ती महागाई दुबईची नव्हे, आपल्या रुपयाच्या घसरणीची.

माझे मत असे : जो दिरहामांत कमावतो, त्याचा खर्च दिरहामांतच मोजावा. दादाचा पगार 2500 दिरहाम. त्यातले 113 म्हणजे शेकडा साडेचार. रुपयांचा दर लावायचा तो फक्त त्याने घरी पाठवलेल्या रकमेला, कारण तेवढेच पैसे खरोखर इथल्या बाजारात खर्च होतात.

मी हे सांगितले तेव्हा मावशीने विचारले, "मग उरलेले जातात कुठं?" दादाला फोन लावला. नुसत्या एका खाटेचे भाडे 800 दिरहाम! ते आमच्या दोन्ही याद्यांत नव्हते. मावशीने त्या दिवसापासून दुधाचा विषय काढलेला नाही. "जास्त पाठव" असेही ती आता म्हणत नाही.