येझदीचे नाव कोणी जपायचे होते?

म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीची मालमत्ता म्हटली की जमीन, शेड आणि यंत्रेच डोळ्यांपुढे येतात. कारखाना 1996 मध्ये बंद पडला, 2001 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढली आणि सारे अधिकृत अवसायकाच्या ताब्यात गेले. त्यात ‘येझदी’ हे नावही होते. जमीन जागची हलत नाही. नावाची नोंद मात्र दर दहा वर्षांनी शुल्क भरून चालू ठेवावी लागते. ती कोणी चालू ठेवली नाही.

पुढे कंपनीचे संस्थापक रुस्तम इराणी यांचे पुत्र बोमन इराणी यांनी हे नाव स्वतःकडे नोंदवले. जानेवारी 2022 मध्ये इराणी सहसंस्थापक असलेल्या क्लासिक लेजंड्सने येझदी मोटारसायकल पुन्हा रस्त्यावर आणली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने नाव अवसायनातील कंपनीचेच असल्याचे सांगून इराणींच्या नोंदी रद्द करण्याचा आदेश दिला. नोव्हेंबर 2025 मध्ये खंडपीठाने तो निकाल फिरवला आणि नाव क्लासिक लेजंड्सकडे राहिले.

कायदा पाहिला तर निष्काळजीपणाची किंमत कळते. मुदत संपल्यावर सहा महिने जादा शुल्क भरून नूतनीकरण होते, वर्षभरात नोंद पुन्हा चढवता येते. त्यानंतर हक्क सांगणाऱ्याला वापराचा पुरावा द्यावा लागतो. बंद कारखान्याने तो आणायचा कुठून? नाव वेळीच लिलावात निघाले असते, तर मिळालेली रक्कम घेणेकऱ्यांच्या खात्यात आली असती. कामगारांची थकबाकी तारणधारक बँकांच्या बरोबरीने फेडायची, असे कंपनी कायदाच सांगतो. म्हणजे हातचे गेले ते कामगारांचेही.

घरी बसूनही हा माग काढता येतो. ipindia.gov.in वर ट्रेडमार्कच्या सार्वजनिक शोधात नाव टाकावे, वाहनांसाठी वर्ग 12 निवडावा. एकाच नावाच्या अनेक नोंदी दिसतील. प्रत्येकीचा अर्जदार, अर्जाची तारीख, मुदत आणि सद्यस्थिती पाहावी. जुनी नोंद काढून टाकलेली आणि नवी वेगळ्याच व्यक्तीच्या नावे असेल, तर हस्तांतरणाची नोंद आहे का ते तपासावे. हस्तांतरण झाले असेल तर नवा मालक जुन्या नोंदीवरच चढतो. नवा अर्ज असेल, तर नाव विकत घेतलेले नसून मोकळे सापडले आहे, असा संशय धरावा. मग उच्च न्यायालयातील कंपनी अर्जांत अवसायकाचे अहवाल आणि लिलावाचे आदेश शोधावेत. नाव त्यांत नसेल, तर अवसायकाला लेखी विचारावे.

अवसायकाने ताबा घेतल्याच्या पहिल्याच यादीत ट्रेडमार्क क्रमांक आणि मुदतीची तारीख लिहिलीच पाहिजे, असा नियम केंद्राने करावा. नूतनीकरणाचे शुल्क कंपनीच्या निधीतून भरावे आणि नाव यंत्रांबरोबर भंगारात न घालता स्वतंत्र लिलावात काढावे.