विक्री जाहिरातीने वाढली की आखाजीने?

व्यापाराच्या वहीत खर्चाची नोंद नेमकी असते. परंतु जाहिरातीवर झालेला खर्च परत आला किंवा नाही, याची नोंद कोणत्याही रकान्यात आपोआप उतरत नाही. जाहिरात सुरू झाली आणि विक्री वाढली, म्हणजे जाहिरातीमुळेच विक्री वाढली, असे मन सहज मानून घेते. खान्देशात हा भ्रम विशेष बळावतो. जाहिरात बहुधा आखाजी, लग्नसराई किंवा दिवाळीच्या तोंडावर दिली जाते, आणि त्या दिवसांत ग्राहक जाहिरात नसतानाही बाजारात येतच असतो.

यावर एक साधा उपाय आहे. समान स्वरूपाच्या काही तालुक्यांत जाहिरात द्यावी आणि काही तालुके जाणीवपूर्वक जाहिरातीवाचून राखून ठेवावेत. सण, पाऊस, पिकांचे भाव यांचा परिणाम दोन्हींकडे जवळपास सारखाच होईल. जो फरक उरेल, तेवढाच जाहिरातीचा.

या पद्धतीचे गाजलेले उदाहरण अमेरिकेतील ईबे या ऑनलाइन बाजारपेठेचे आहे. थॉमस ब्लेक, क्रिस नॉस्को आणि स्टीव्हन टॅडेलिस या अर्थशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये तेथे प्रयोग केला. अमेरिकेचे २१० प्रसारण-विभाग मानले जातात. त्यांपैकी सुमारे तीस टक्के विभागांत कंपनीच्या शोध-जाहिराती सुमारे दोन महिने बंद ठेवण्यात आल्या. विक्रीतील सरासरी फरक एक टक्क्याहूनही कमी निघाला. नियमित ग्राहक जाहिरात नसतानाही येतच राहिले. नवे आणि क्वचित येणारे ग्राहक मात्र जाहिरातीमुळे थोडे वाढले होते. हा अभ्यास २०१५ मध्ये ‘इकॉनोमेट्रिका’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तोपर्यंत जाहिरातीवर क्लिक करून झालेली प्रत्येक खरेदी जाहिरातीच्या खात्यावर जमा होत होती.

हीच पद्धत जळगाव-धुळ्यात कशी लावता येईल, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, तयार मसाल्यांचा एक व्यापारी दोन्ही जिल्ह्यांतील किराणा दुकानांना माल पुरवतो आणि आखाजीपूर्वी प्रथमच मोबाइलवर जाहिरात देणार आहे. जळगाव जिल्ह्यात पंधरा आणि धुळे जिल्ह्यात चार तालुके आहेत. पण सगळेच प्रयोगाला योग्य नाहीत. जळगाव आणि धुळे ही शहरे आसपासच्या तालुक्यांतील ग्राहक ओढून घेतात. जाहिरात एका तालुक्यात पाहावी आणि खरेदी शहरात व्हावी, असे झाले तर हिशेबच विस्कटतो. म्हणून ही शहरे आणि जळगावला लागून असलेले भुसावळ प्रयोगाबाहेर ठेवणे बरे. सावदा रावेर तालुक्यात आणि फैजपूर यावल तालुक्यात आहे. पण दोन्ही बाजार इतके जवळ आहेत की रावेर-यावल यांना एकच घटक मानावे लागेल.

उरलेल्या तालुक्यांच्या जोड्या लावाव्यात. चोपडा आणि शिरपूर, जामनेर आणि चाळीसगाव, अमळनेर आणि शिंदखेडा अशा जोड्या सुचतात. पण नकाशापेक्षा जुन्या वहीचा कौल मोठा. मागील दोन वर्षांत ज्यांची विक्री एकाच वेळी चढली-उतरली, त्यांचीच जोडी खरी. मग प्रत्येक जोडीत जाहिरात कोठे द्यायची, हे नाणे उडवून ठरवावे. व्यापाऱ्याने स्वतः निवड केली तर विक्री आधीच चांगली असलेला तालुका नकळत जाहिरातीच्या बाजूला जातो. जाहिरात देताना त्या भागात राहणारेच लोक निवडावेत. त्या भागात केवळ रस असणारे लोक निवडले गेले, तर राखीव तालुक्यांतही जाहिरात झिरपते.

आता आकडे पाहू. आधीचे आठ आठवडे पहिल्या गटाची सरासरी साप्ताहिक विक्री ४,००,००० रुपये आणि राखीव गटाची ३,२०,००० रुपये होती; म्हणजे पहिला गट राखीव गटाच्या सव्वापट. पुढील सहा आठवडे पहिल्या गटात दर आठवड्याला ९,००० रुपयांची जाहिरात झाली. त्या काळात पहिल्या गटाची विक्री सरासरी ४,६०,००० रुपये झाली.

केवळ हा गट पाहिला तर वाढ ६०,००० रुपयांची दिसते. मालावर अठरा टक्के नफा धरला तर १०,८०० रुपये मिळाले आणि ९,००० रुपये खर्च वजा जाता १,८०० रुपये उरले. व्यापारी आनंदाने पुढील हंगामात जाहिरात दुप्पट करील. परंतु त्याच काळात राखीव गटाची विक्रीही ३,६०,००० रुपयांवर गेली होती, तीही एक पैसा खर्च न करता. त्याच्या सव्वापट म्हणजे ४,५०,००० रुपये. जाहिरात नसती तरी पहिला गट जवळपास तेथेच पोहोचला असता. जाहिरातीची वाढीव विक्री फक्त १०,००० रुपये, तीवरील नफा १,८०० रुपये. दर आठवड्याला ७,२०० रुपयांचा तोटा झाला आणि वहीत तो लाभ म्हणून दिसला.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. दोन गटांचे प्रमाण नेहमी तंतोतंत सव्वापट राहत नाही. आधीच्या आठ आठवड्यांत ते १.२२ ते १.२८ यांच्या दरम्यान हलत असेल, तर जाहिरात नसतानाची अपेक्षित विक्री एखाद्या आठवड्यात ४,३९,२०० रुपये किंवा ४,६०,८०० रुपयेही असू शकते. म्हणजे १०,००० रुपयांचा फरक निव्वळ योगायोगाचाही असेल. जाहिरातीने काहीच केले नाही किंवा थोडे केले, हे या प्रयोगातून ठामपणे सांगता येत नाही. मात्र ९,००० रुपयांचा खर्च भरून येण्यासाठी ५०,००० रुपयांची वाढीव विक्री हवी होती. तेवढी झाली असती तर प्रमाण १.३९ च्या आसपास गेले असते आणि ते लपून राहिले नसते. व्यापाऱ्याला ज्या प्रश्नाचे उत्तर हवे होते, ते मिळाले. म्हणूनच हा ५०,००० चा आकडा आणि आधीच्या आठवड्यांतील चढउतार, दोन्ही प्रयोगापूर्वी काढून ठेवावेत. चढउतारच त्याहून मोठा असेल, तर प्रयोग अधिक तालुक्यांत किंवा अधिक काळ करावा लागेल.

घाऊक व्यापाऱ्याला आणखी एका ठिकाणी फसगत होऊ शकते. त्याच्या वहीत दुकानदाराने उचललेला माल असतो, ग्राहकाने नेलेला नव्हे. जाहिरात दिसताच दुकानदार कपाटे भरून ठेवतो. विक्री वाढल्यासारखी दिसते आणि नंतरच्या महिन्यात मागणी अचानक घटते. म्हणून प्रयोग संपल्यानंतरही चार आठवडे दोन्ही गटांची नोंद चालू ठेवावी आणि काही दुकानांत शिल्लक माल मोजावा. जाहिरातीच्या तालुक्यांत फिरणाऱ्या विक्रेत्याने अधिक जोर लावला, तरी फरक जाहिरातीच्याच नावावर जमा होतो. त्यामुळे कोणते तालुके राखीव आहेत, हे विक्रेत्यांना न सांगणे योग्य.

ज्याची जाहिरात आधीपासून सर्वत्र चालू आहे, त्याने उलट मार्ग घ्यावा आणि काही तालुक्यांत ती बंद करावी. मात्र जाहिरातीची आठवण एका दिवसात पुसली जात नाही. म्हणून पहिले एक-दोन आठवडे हिशेबात धरू नयेत. आखाजीच्या दिवसांतील निष्कर्ष दिवाळीला जसाच्या तसा लावू नये. कापसाचा पैसा हाती आलेला ग्राहक आणि उन्हाळ्यातील ग्राहक एकसारखा वागेलच असे नाही. त्या हंगामासाठी नाणे पुन्हा उडवावे लागते.