सप्रेम नमस्कार, सुरी सोबत जोडली आहे

आमच्या कंपनीत कुणी कुणावर ओरडत नाही. आम्ही सुसंस्कृत माणसं. आम्ही ‘जेंटल रिमाइंडर’ पाठवतो.

परवा सपोर्ट टीममधल्या रात्रपाळीच्या एका मित्राने पाठवण्याआधी मेल वाचायला दिला. दुपारपाळीचा गडी हँडओव्हर न देताच रात्री १० वाजता लॉगआउट करतो. मंगळवारी बॅकअप फेल झाला, त्याने व्हेंडरला फोनही केला, पण तिकिटावर अक्षर नाही. मित्राने तीच तपासणी पहिल्यापासून केली. दीड तास पाण्यात. राग रास्तच. पण मेल?

‘ॲज पर माय अर्लियर मेल, हा फक्त एक जेंटल रिमाइंडर. कदाचित आपण बिझी असाल; पण हँडओव्हरसारखी बेसिक गोष्ट सगळ्यांनीच पाळली तर बरं होईल. थँक्स इन ॲडव्हान्स.’ आणि सीसीमध्ये मॅनेजर, साक्षीला.

काय ही शालीनता! रोज टपरीवर ‘अरे-तुरे’ आणि मेलमध्ये एकदम ‘आपण’. एवढ्या मजकुरात वार नाही, तिकीट नाही, नेमकं काय हवंय तेही नाही. टोमणे मात्र शिस्तीत रांगेत उभे.

मी प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारतो: हे खोडलं तर समोरच्याला काय कळायचं राहील? ‘बेसिक’ खोडा, काही अडत नाही. ‘कदाचित बिझी असाल’ हा सहानुभूतीचा सदरा घातलेला आरोप. तोही जाऊ दे. ‘अर्लियर मेल’ची तारीख कामाची असेल तर सरळ तारीख लिहा. आणि ‘सगळ्यांनीच’? वेळेवर नोट देणारे बिचारे दुखावतात, अपराधी मात्र ‘दुसऱ्या कुणाला तरी झापलंय’ म्हणून निवांत.

खोडण्याचा अर्थ तक्रार गिळणं असा नाही, बरं का. तिला आता कुठे जागा मिळते:

‘मंगळवारी आणि गुरुवारी मला हँडओव्हर नोट मिळाली नाही. मंगळवारी तू व्हेंडरशी बोललास हे ठाऊक नसल्याने मी बॅकअप पुन्हा तपासला, दीड तास गेला. उघडी तिकिटं, त्यांची स्थिती आणि पुढे काय करायचं, एवढं रोज ९.४५ पर्यंत टीमच्या चॅटवर टाकशील का? ही वेळ जमत नसेल तर कोणती जमेल ते कळव.’

शेवटच्या वाक्यावर मित्र भडकला. त्याला कशाला विचारायचं? अहो, शेवटच्या अर्ध्या तासातच कॉल कोसळत असतील तर नोट लिहिणार कधी? मग वेळ बदलावी लागेल, आणि टोमण्यांनी ड्यूटीचा तक्ता बदलत नाही. सीसीही काढला. पुन्हा नोट चुकली तर मॅनेजरला उघड सांगावं, आणि सांगतोय हे त्या गड्यालाही सांगावं. काही न बोलता ठेवलेला सीसी ही निव्वळ लेखी चहाडी.

मित्राने सगळं मान्य केलं. फक्त शेवटी ‘होप धिस इज क्लिअर’ टाकू का, म्हणाला.

तेही खोड, बाबा.