कंसातले सेन आणि जिंजीतला सभासद

समजा, शिवकालावरचा एक अभ्यासपूर्ण इंग्रजी लेख समोर आहे. त्यात राज्यकारभाराविषयी एक ठाम विधान येते आणि वाक्याच्या शेवटी कंसात एवढेच छापलेले असते : (सेन १९२०). नाव आहे, वर्ष आहे, म्हणजे आधारही आहे, असे समजून वाचक पुढे जातो.

हा संदर्भ सुरेंद्रनाथ सेन यांच्या ‘शिव छत्रपती’ या ग्रंथाचा. कलकत्ता विद्यापीठाने तो १९२० साली काढला. त्यात सभासदाच्या बखरीचे इंग्रजी भाषांतर आहे आणि त्याच्या जोडीला चिटणीस बखरीतले व शिवदिग्विजयातले उतारेही आहेत. कृष्णाजी अनंत सभासद हा शिवछत्रपतींच्या काळातला माणूस. त्याने सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीत राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून बखर लिहिली. मल्हार रामराव चिटणिसांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची, म्हणजे महाराजांच्या निधनानंतर शंभराहून अधिक वर्षांनी रचलेली. शिवदिग्विजयाचा तर लेखनकाळही वादग्रस्त आहे.

आता प्रश्न असा, की त्या कंसातल्या सहा अक्षरांमागे बोलतो आहे कोण? समकालीन सभासद, शतकानंतरचा चिटणीस, की ज्याचे वयच संशयास्पद आहे अशी तिसरी बखर? कंस या तिघांना एकाच नावाने हाक मारतो. ज्याने त्यातले काहीच पाहिले नव्हते, त्या विसाव्या शतकातल्या भाषांतरकाराचे नाव मात्र ठळक दिसते.

यात सेन यांचा दोष काहीच नाही. त्यांनी कोणता मजकूर कोणाचा हे आपल्या ग्रंथाच्या शीर्षकपृष्ठावरच सांगितले आहे. दोष आहे तो एका शास्त्रासाठी घडवलेले भांडे दुसऱ्या शास्त्राने न तपासता उचलण्याचा.

ते भांडे घडले प्राणिशास्त्रात. १८८१ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी एका शंखविरहित गोगलगायीच्या अंड्याची परिपक्वता, फलन आणि विभाजन यांवर दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी पूर्वसूरींचा उल्लेख करताना नाव आणि वर्ष कंसात दिले व ही नवी रीत एका तळटिपेत समजावून सांगितली. कंसातल्या लेखक-वर्ष संदर्भाचे हे पहिले ज्ञात उदाहरण मानले जाते, आणि या पद्धतीला ‘हार्वर्ड पद्धती’ हे नाव चिकटले तेही या नात्यामुळेच. विद्यापीठाने बसून ती ठरवली, असे मात्र घडलेले नाही.

मार्क यांच्या कामाला ही रीत चपखल बसत होती. अंड्याच्या विभाजनाविषयी कोणी काय पाहिले यापेक्षा कोणी आधी पाहिले आणि कोणी नंतर दुरुस्त केले, हे त्या चर्चेत महत्त्वाचे होते. तिथे निबंधाचा लेखक हाच साक्षीदार असतो आणि छपाईचे वर्ष हे जवळजवळ निरीक्षणाचेच वर्ष असते. डोळा कंसावरून गेला की वादाचा क्रम आपोआप उलगडतो. प्राणिशास्त्राला नाव आणि वर्ष जोडून लिहिण्याची सवय इतर कारणांनीही होतीच. वाघाच्या शास्त्रीय नावापुढे आजही ‘लिनियस, १७५८’ असे लिहितात. (तिथला कंस मात्र वेगळेच सांगतो : मूळ नामकरणानंतर त्या प्राण्याची प्रजाती, म्हणजे जीनस, बदलली आहे.)

समाजशास्त्रे व मानवशास्त्र यांनी ही पद्धत स्वीकारली, तीही याच कारणाने. तिथेही बराचसा मजकूर म्हणजे जिवंत अभ्यासकांचा एकमेकांशी चाललेला वाद असतो.

वैद्यकाची गरज निराळी होती. १९७८ च्या जानेवारीत काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात भेटले. अडचण अगदी व्यवहाराची होती. एका नियतकालिकाने लेख परत केला की दुसरीकडे पाठवण्यापूर्वी लेखकाला संदर्भसूची त्यांच्या रीतीप्रमाणे पुन्हा टंकलिखित करावी लागे. सर्वांची रीत एक असावी म्हणून जे नियम ठरले ते पुढल्या वर्षी प्रसिद्ध झाले. त्यानुसार मजकुरात संदर्भ ज्या क्रमाने येतील त्या क्रमाने त्यांना अंक द्यायचे आणि शेवटी त्याच क्रमाने यादी लावायची. यालाच ‘व्हँकुव्हर पद्धती’ म्हणतात.

अंकाचा लाभ उघड आहे. एका वाक्याला आठ शोधनिबंधांचा आधार असला तरी वाक्य मोडत नाही, ‘४–११’ एवढ्यावर काम भागते. पण त्या आठांत एक मोठी चाचणी आहे आणि सात किरकोळ टिपणे आहेत, हे अंक सांगत नाही. अंक सगळ्यांना एकाच उंचीवर उभे करतो.

याची किंमत किती मोठी असू शकते, याचे एक उदाहरण नोंदलेले आहे. १० जानेवारी १९८० रोजी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पोर्टर आणि जिक यांचे संपादकास लिहिलेले पाच वाक्यांचे पत्र छापून आले. रुग्णालयात असताना अफूवर्गीय औषधे मिळालेल्या ११,८८२ रुग्णांत व्यसन जडल्याची नीट नोंदलेली उदाहरणे केवळ चार आढळली, असा त्याचा आशय. घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांविषयी त्यात अक्षरही नव्हते. २०१७ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी या पत्राचा माग काढला, तेव्हा त्याचे ६०८ उल्लेख सापडले. त्यांपैकी ४३९ उल्लेखांत ते ‘व्यसन क्वचितच जडते’ याचा पुरावा म्हणून वापरले होते. पाहणी रुग्णालयातल्या रुग्णांपुरती होती, हे पाचांतल्या चार उल्लेखांनी सांगितलेच नव्हते. दरम्यान उत्तर अमेरिकेत अशा औषधांच्या व्यसनाने मोठे संकट उभे राहिले होते. त्या नियतकालिकाने आता मूळ पत्रावरच सावधगिरीची सूचना लावली आहे.

इथे न्यायाने एक गोष्ट मान्य करावी लागते. कंसात ‘पोर्टर व जिक १९८०’ असे लिहिले असते, तरी ते पाच वाक्यांचे पत्र आहे हे वाचकाला कळले नसतेच. नाव-वर्ष आणि अंक, दोन्ही पद्धती ‘कोणता मजकूर’ हे सांगतात. ‘कोणत्या जातीचा मजकूर’ हे दोन्हींतून गळते. ते सांगण्याची जागा फक्त टिपेत असते. ‘संपादकास पत्र, पाच वाक्ये, रुग्णालयातले रुग्ण’ असे चार-पाच शब्द पानाच्या तळाशी असते, तर पुढच्या लेखकाची लेखणी क्षणभर थबकली असती.

इतिहासकार तळटिपेला धरून राहिले, त्याला हे कारण आहे. गिबनच्या रोमन साम्राज्यावरील ग्रंथाचा पहिला खंड १७७६ मध्ये निघाला, तेव्हा टिपा शेवटी लावल्या होत्या. डेव्हिड ह्यूमने प्रकाशक स्ट्रॅहनकडे तक्रार केली, की टीप पाहायला पाने उलटत शेवटी जावे आणि तिथे केवळ एखाद्या ग्रंथाचे नाव सापडावे, हा त्रास आहे. आधार पानाच्या तळाशीच हवेत. पुढे ते तळाशी आले. साक्षीदार आणि विधान एकाच नजरेत दिसावेत, हा ह्यूमचा आग्रह होता.

मराठ्यांच्या इतिहासात हा आग्रह अधिकच रास्त ठरतो, कारण इथली साधने बहुतांशी पत्रे आहेत आणि ती छापणारा माणूस लिहिणाऱ्याहून वेगळा आहे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला. त्यात पानिपतच्या मोहिमेतली पत्रे आहेत. सदाशिवरावभाऊंनी गोविंदपंत बुंदेल्यांना लिहिलेलीही आहेत. आता ‘भाऊसाहेब गोविंदपंतांना रसद आणि पैशासाठी सारखे लिहीत होते’ हे वाक्य घ्या.

लेखक-वर्ष पद्धतीत त्याच्यापुढे (राजवाडे १८९८) येईल. म्हणजे १७६० सालच्या सेनापतीच्या हातची तातडी १३८ वर्षांनंतरच्या संपादकाचे मत होऊन बसेल. क्रमांक पद्धतीत [७] येईल. त्यात चुकीचे काहीच नाही, पण कळण्यासारखेही काही नाही. शिवाय नंतर मध्ये एखादा संदर्भ हाताने घातला आणि पुढचे अंक हलवायचे राहिले, तर [७] निमूटपणे शेजारच्या ग्रंथाकडे बोट दाखवू लागतो. नाव दिसत नसल्यामुळे ही चूक मुद्रिते तपासणाऱ्यालाही खटकत नाही. तळटिपेत मात्र पत्र कोणाचे, कोणाला, कोणत्या तारखेचे, आणि मग राजवाडे, खंड १, लेखांक, असा सगळा माग येतो.

त्या ‘लेखांक’ शब्दापाशी थोडे थांबायला हवे. तोही अंकच आहे, पण तो व्हँकुव्हरच्या अंकासारखा नाही. व्हँकुव्हरचा ७ त्या एका लेखापुरता जगतो. दुसऱ्या लेखात तोच ग्रंथ २३ असेल. लेखांक पत्राला एकदाच मिळतो आणि पुढे कोणीही कुठेही लिहिले तरी त्याच पत्रापाशी नेतो. सरदेसायांनी संपादिलेल्या पेशवे दफ्तराच्या ४५ खंडांतही पत्रांना असे अंक आहेत. मराठी इतिहासलेखनाने आपली क्रमांक पद्धती केव्हाच घडवली होती; फक्त ती लेखाला नव्हे, साधनाला अंक देत आली.

कंसवाल्यांकडेही एक उपाय आहे. ते दोन वर्षे देतात : वेबर [१९०५] १९३०, म्हणजे मूळ जर्मन लेखन आधीचे आणि इंग्रजी भाषांतर नंतरचे. एका लेखकाच्या एका ग्रंथाला हे पुरते. शेकडो पत्रांच्या खंडाला पुरत नाही, कारण तिथे दर पानावर लेखक आणि तारीख बदलते.

तळटीपही लबाडी करू शकते, हे विसरता येत नाही. दुसऱ्याच्या पुस्तकातली टीप जशीच्या तशी उचलून राजवाड्यांचा खंड आपणच पाहिला असा आव आणणारे थोडे नाहीत. अशी उचल बहुधा चुकीवरून पकडली जाते : आधीच्या लेखकाच्या टिपेत लेखांकाचा एक आकडा चुकलेला असतो आणि नंतरच्यांच्या टिपांत नेमका तोच चुकीचा आकडा येत राहतो. ‘तत्रैव’ हाही जुना खट्याळ शब्द. मध्ये नवी टीप घुसली की तो भलत्याच ग्रंथाला ‘तत्रैव’ म्हणू लागतो. पण या चुका वाचकाला निदान पकडता येतात, कारण माग उघड्यावर मांडलेला असतो.

(सेन १९२०) ची उकल करायची, तर वाचकाला पृष्ठांक हवा. पृष्ठांक असला की ग्रंथ उघडून ते पान सभासदाच्या भाषांतरात पडते, की मागच्या चिटणीस-शिवदिग्विजयाच्या उताऱ्यांत, हे मिनिटभरात समजते. प्राणिशास्त्रातल्या छोट्या निबंधाला पृष्ठांक नसला तरी चालून जाते, म्हणून त्या कंसाला पृष्ठांकाशिवाय राहण्याची सवय लागली आणि ती सवय घेऊनच तो इतिहासात आला. सभासदाला मात्र जिंजीतून निघून वाचकापर्यंत पोहोचायला तेवढा एक आकडा लागतो.