मसुदा कुणाकडे गेला?

जबलपूरच्या बडा शिमला टेकडीवर १९१७ ते १९१९ या काळात चार्ल्स मॅटली आणि दुर्गाशंकर भट्टाचारजी यांनी डायनासोरची हाडं खणून काढली. लमेटा थरांवरचा १९२१चा निबंध मात्र एकट्या मॅटलींच्या नावावर आहे. याच हाडांवरच्या १९३३च्या ग्रंथावर फॉन ह्यूने आणि मॅटली ही दोन नावं आहेत. प्राणिशास्त्राच्या संकेतानुसार नाव आणि वर्णन प्रसिद्ध करणाऱ्यालाच नामकर्ता मानतात, म्हणून त्या ग्रंथात नाव मिळालेल्या ‘जबलपुरिया’ डायनासोरपुढे आजही हीच दोन नावं लागतात. भट्टाचारजी त्यांत नाहीत.

लेखकाच्या नावाबरोबर जबाबदारीही येते. मॅटलींनी ‘लमेटासॉरस’ हा चिलखती डायनासोर म्हणून मांडला, आणि काही वर्षांनी चक्रवर्ती या संशोधकांनी त्या चिलखतावरच शंका घेतली. पुढे कळलं की ती हाडं वेगवेगळ्या प्राण्यांची होती. उत्तराची जबाबदारी ज्याचं नाव छापलेलं, त्याची.

वैद्यकीय नियतकालिकांच्या आंतरराष्ट्रीय संपादक समितीच्या चार अटी याच पायावर उभ्या आहेत: कामात भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा त्यात मोलाची सुधारणा करणं, अंतिम प्रतीला संमती आणि उत्तरदायित्व. चारही पूर्ण करणारा तो लेखक. पहिली अट पूर्ण करणाऱ्याला पुढच्या अटींची संधी नाकारून वगळू नये, असंही समिती बजावते. नाव गाळण्याची नेहमीची वाट हीच आहे. गावोगाव फिरून नमुने गोळा करणाऱ्या सहायकाला मसुदा दाखवायचाच नाही आणि मग म्हणायचं, ‘लेखनात त्याचा हात नव्हता.’

उलट, काम न केलेल्याचं नाव भेट म्हणून घालण्यामागे गुणांचं गणित आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत विज्ञानाच्या निबंधाला ८ गुण आहेत. लेखक दोन असतील तर प्रत्येकाला ७० टक्के, म्हणजे ५.६ गुण मिळतात. दोनाहून अधिक असतील तर पहिल्या किंवा मुख्य लेखकाला ५.६ आणि बाकीच्या प्रत्येकाला ३० टक्के, म्हणजे २.४. तिसरं नाव विभागप्रमुखांचं घातलं तर पहिल्याचं काहीच जात नाही. खरं काम केलेला दुसरा मात्र ५.६ वरून २.४ वर येतो. भेट एकाची, किंमत दुसऱ्याची.

नावांचा क्रम भांडणाचा होतो तो निबंध तयार झाल्यावर ठरवला तर. प्रयोगशाळांत सहसा पहिलं नाव सर्वाधिक काम करणाऱ्याचं आणि शेवटचं प्रमुखाचं असतं. गणितात वर्णानुक्रम चालतो. म्हणून पहिला नमुना घेण्याआधीच कोण काय करणार आणि कोणतं नाव कुठे येणार, हे कागदावर लिहावं. काम बदललं तर तो कागद सगळ्यांसमोर बदलावा. आणि नमुने आणणाऱ्याच्या हाती मसुदा पोचल्याची तारीख त्यावर असल्याशिवाय मार्गदर्शकांनी निबंध पाठवायला सही देऊ नये.