अभ्यासक्रमाआधी परत आलेल्या फायली वाचा

केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२० मध्ये ‘मिशन कर्मयोगी’ला मंजुरी दिल्यापासून सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा विषय पुन्हा ऐरणीवर आला. पदाऐवजी प्रत्यक्ष भूमिकेला लागणारे कौशल्य पाहावे, हे त्यामागचे सूत्र. ते योग्यच आहे. मात्र एखाद्या खात्यात काम रखडले की दोन दिवसांचे वर्ग भरवायचे, ही जुनी सवय सहजी सुटणारी नाही. कर्मचाऱ्यांना ‘कोणते प्रशिक्षण हवे?’ असे छापील प्रश्नावलीत विचारले की उत्तरे ठरलेली असतात: संगणक, इंग्रजी, ताणमुक्ती. त्यातून इच्छा कळते, उणीव नव्हे.

उणीव कामाच्या नमुन्यात सापडते. समजा, गोव्यातील एखाद्या मामलेदार कार्यालयातून उत्पन्नाच्या दाखल्याचे महिन्याला साठ अर्ज त्रुटी काढून परत जातात आणि वरिष्ठ सर्व बारा कारकुनांसाठी संगणकवर्ग मागतात. त्या साठ फायली काढून प्रत्येकीवर परतीचे कारण लिहिले, तर चित्र पालटते. सत्तावीस अर्जांत कागद अपुरे आहेत, कारण खिडकीवरील कागदपत्रांची यादीच जुनी आहे. अठरा अर्ज एकच अधिकारी रजेवर असल्याने मुदत उलटून परतले. वर्ग भरवून यातले काहीच सुधारणार नाही. उरलेल्या पंधरांत शेती, भाडे आणि पगार मिळून कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न चुकीचे धरले आहे, आणि त्यातील अकरा नुकत्याच बदलून आलेल्या दोन कारकुनांच्या हातचे आहेत.

तरीही निष्कर्षाची घाई नको. प्रशिक्षणतज्ज्ञ रॉबर्ट मेगर यांनी सुचवलेली कसोटी येथे उपयोगी पडते: जिवावर बेतले तर हा माणूस हे काम करू शकेल का? या दोघांसमोर निकाल झाकलेल्या पाच जुन्या फायली ठेवाव्यात आणि पुरेसा वेळ द्यावा. बेरीज बरोबर आली, तर दोष ज्ञानाचा नसून गर्दीचा किंवा देखरेखीचा आहे. चुकली, तरच ती कौशल्याची उणीव. मग जिच्या फायली परत येत नाहीत, त्या ज्येष्ठ कारकुनीशेजारी बसून पाहावे. ती अर्ज स्वीकारण्यापूर्वीच घरात कमावणारे किती, हे विचारून घेते, असे आढळले तर अभ्यासक्रमाचा गाभा हाती आला. बारा जणांचे दोन दिवस वाचले. दोघांना खऱ्या फायलींवरचा अर्धा दिवस पुरे.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. परतलेल्या फायलींत केवळ पकडलेल्या चुका दिसतात. चुकीने मंजूर झालेले दाखले दिसत नाहीत. म्हणून मंजूर अर्जांतूनही वीसेक यदृच्छया काढून तपासावे लागतात. दुसरे असे की, ही नोंद गोपनीय अहवालात जाईल अशी शंका आली की फायली सापडेनाशा होतात. नावे नोंदकाराकडेच राहतील, हे आधी सांगितलेले बरे. वर्गानंतर महिन्याभराने त्याच पंधरांच्या रकान्यात किती अर्ज उरले, ते पुन्हा मोजावे. उपस्थितीपटावरच्या सह्यांतून ते कळत नाही.