वलीम्यात जैन पंगत कधी बसवावी?

बारामती-इंदापूरकडे वलीम्याला जैन शेजारी, माळकरी स्नेही येतातच. आंतरधर्मीय लग्न असेल तर मंडळी आणखी वेगवेगळी. आम्ही म्हणतो, आधी वेळ पाहा. चौविहार पाळणारे जैन सूर्यास्तानंतर पाणीही पीत नाहीत. डिसेंबरात मगरिबची अजान सहाच्या सुमारास होते. पत्रिकेत 'सायंकाळी सात' छापले, तर ताट तयार असूनही ते उपाशी परततात. त्यांची पंगत साडेचारला बसवावी.

मग वाटण. त्यांना कांदा, लसूण, बटाटा, गाजर, ओले आले चालत नाही. टोमॅटो, काजू, मगज यांचा रस्सा करून हिंगाची फोडणी द्यावी. सगळाच शाकाहारी स्वयंपाक असा केला, तर माळकऱ्यांनाही तोच चालतो आणि आपल्यालाही. भांडी, तेल, पळ्या, वाढपी वेगळे ठेवावेत; बिर्याणीची देग दुसऱ्या मांडवात. तिथली पळी एकदा वरणात बुडाली, की ते पातेले त्या पंगतीसाठी बाद.

पुण्याचे बेने इस्राएल पाहुणे असतील, तर त्यांनाही हेच ताट कोऱ्या पत्रावळीवर द्यावे. मटण हलाल असले तरी बिर्याणीत दही पडते, आणि मांस व दूध एकत्र त्यांना वर्ज्य. कोशेर कडक पाळणाऱ्यांना मात्र आमंत्रण देतानाच विचारावे. त्यांना आपली भांडीही चालत नाहीत.